बेलच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, तेव्हा पहिलं वाक्य कोणतं बोलायचं?

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची आहे, डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मागच्या वर्षी दाराला कॅमेऱ्याची वायफाय बेल बसवली. संध्याकाळी बेल वाजली की स्क्रीनवर नुसता काळा माणूस दिसतो, चेहरा नाही. आई "कोण?" विचारते, पण बाहेरच्याला ते ऐकूच जात नाही बहुतेक, तो पुन्हा बेल वाजवतो. मग आई घाबरून गप्प बसते किंवा सरळ दार उघडते. मी बंगळुरूहून फोनवर उत्तर दिलं तर अर्धं वाक्य गायब होतं. दिसत नसताना आपण आधी बोलावं का? आणि बोलायचं तर काय?

उत्तर: आधी बोलावं. मात्र "कोण?" हा शब्द सोडून काहीही बोलावं.

मी अठरा वर्षं ठाणे ते बदलापूर पट्ट्यात इंटरकॉम आणि व्हिडिओ डोअर फोन बसवतो आहे. तक्रार घेऊन येणारे बहुतेक लोक "कॅमेरा खराब आहे" असं सांगतात, आणि मी जाऊन बघतो तर निम्म्या घरांत कॅमेरा ठणठणीत असतो. बोलण्याची पद्धत त्या यंत्राला जुळत नसते, एवढंच. तुमच्या आईंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत असं दिसतं. प्रकाशाची गोष्ट नंतर सांगतो, ती सोपी आहे. आधी आवाजाची.

तुमच्या आई बोलायचं बटण दाबतात आणि त्याच क्षणी "कोण?" म्हणतात. बटण दाबल्यावर बाहेरचा स्पीकर चालू व्हायला थोडा वेळ लागतो. तारेच्या जुन्या डोअर फोनमध्ये हा वेळ जाणवत नाही, वायफायच्या बेलमध्ये मात्र अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. बेल बॅटरीवरची असेल तर आणखी, कारण ती एरवी झोपलेली असते आणि बेल वाजल्यावर आधी जागी होऊन मग नेटला जोडली जाते. "कोण?" म्हणायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंदही नाही. म्हणजे आईंचा अख्खा प्रश्न बटण आणि स्पीकर यांच्यामध्येच विरून जातो. बाहेरच्याला फार तर एक "खट्" किंवा "ओण" असं काहीतरी ऐकू येतं. त्याला वाटतं आत कोणी ऐकलंच नाही, तो पुन्हा बेल दाबतो. दुसरी बेल ऐकून आईंना वाटतं हा माणूस अधीर आहे, उद्धट आहे, याचा काहीतरी बेत आहे. तो बिचारा फक्त बहिरा झालेला असतो, तेही आपल्या यंत्रामुळे.

उपाय असा की वाक्याच्या पुढे काही शब्द असे ठेवायचे जे गेले तरी चालतील. आपल्या भाषेत ते आयते आहेत. "नमस्कार, हां, बोला, कोणाकडे आलात आपण?" यातला "नमस्कार" गेला, "हां" गेला, तरी "कोणाकडे आलात आपण" पोचतं. आणि सगळंच पोचलं तर बाहेरच्याला नमस्कार ऐकू येतो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो, बेलवर बोलताना पहिले दोन शब्द दाराला वाहायचे, कामाचा शब्द तिसरा.

दुसरी गोष्ट बटणाची. बऱ्याच बेलांमध्ये, विशेषतः स्वस्तातल्या, एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. बटण दाबलेलं असेपर्यंत तुमचा आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आवाज बंद असतो. ॲपमध्ये माइकच्या खुणेखाली "Hold to Talk" असं लिहिलेलं असेल तर तुमची बेल त्यातली. आई वाक्य संपल्यावरही बटण दाबून धरत असतील तर बाहेरचा माणूस उत्तर देऊन मोकळा झालेला असतो आणि यांच्या कानावर काहीच आलेलं नसतं. तेव्हा वाक्य संपलं की बोट उचलायचं आणि मनातल्या मनात पाच अंक मोजायचे. पाच म्हणजे खरोखर पाच. माणसं दोन सेकंदांत "हॅलो? हॅलो?" सुरू करतात, आणि त्या "हॅलो"खाली समोरच्याचं नाव दबून जातं.

काही बेलांमध्ये दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येतं, तिथे बटण एकदाच दाबायचं असतं. पण तिथेही आवाज घुमू नये म्हणून यंत्र ज्या बाजूचा आवाज मोठा ती बाजू धरतं आणि दुसरी दाबतं. घरात टीव्ही मोठ्याने चालू असेल तर यंत्राला वाटतं आतलंच माणूस बोलतंय, आणि बाहेरच्याचा आवाज दबलेला राहतो. संध्याकाळी सातच्या मालिकेच्या वेळी तक्रारी जास्त येतात त्याचं कारण हे. उत्तर देण्याआधी टीव्हीचा आवाज बंद करणं हा निम्मा इलाज आहे.

आता प्रश्न काय विचारायचा ते. इथे मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी चूक याच जागी होते.

दिसत नसलं की आपलं मन अंदाज बांधतं, आणि प्रेमळ माणसं तो अंदाज बोलून दाखवतात. "कोण, सुधा का गं?" "गॅसवाले का?" "कुरिअर आहे का?" असा प्रश्न विचारला की उत्तर आपणच दिलेलं असतं. बाहेरच्याला फक्त "हो" म्हणायचं उरतं. आणि "हो" या एका अक्षरावरून, त्यातही बेलच्या छोट्या स्पीकरमधून, आवाज ओळखता येत नाही. तुमचा सख्खा भाऊसुद्धा त्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिला प्रश्न असा हवा की ज्याला "हो" हे उत्तरच देता येणार नाही. "कोण आलंय?" हा चालतो. मराठीची गंमत बघा, दिसत नसलेल्या माणसाला आपण नपुंसकलिंगात टाकतो, आलाय की आली याच्या भानगडीत पडत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. पण "कोण आलंय?"ला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे, "मी!" घरचे, शेजारचे, इस्त्रीवाले, सगळे "मी". त्यापेक्षा "कोणाकडे आलात?" हा प्रश्न मला बरा वाटतो. त्याला "मी" हे उत्तर बसत नाही. ज्याला खरंच तुमच्याकडे यायचंय तो नाव घेतो, ज्याचं घर चुकलंय तो तिथेच थांबतो आणि चौथ्या मजल्यावर निघून जातो. आणि जो नुसता घरात कोणी आहे का एवढंच बघायला आलाय, त्याला चटकन नाव सुचत नाही.

सुचलं तरी लगेच विश्वास ठेवू नये. तुमच्या दाराला नावाची पाटी असणार, खाली जिन्यापाशी सगळ्या फ्लॅटधारकांचा फळा असणार. पाटीवरचं आडनाव कोणीही वाचून सांगेल. म्हणून दुसरा प्रश्न असा असावा ज्याचं उत्तर पाटीवर नसतं. पार्सलवाल्याला विचारा, "कोणाच्या नावावर आहे?" तो पार्सलवरचं पूर्ण नाव वाचून दाखवेल. इथे "कुलकर्णींचं का?" असं विचारलंत तर सगळं मुसळ केरात. गॅसच्या सिलिंडरला बुकिंगनंतर नोंदलेल्या मोबाइलवर एक कोड येतो, तो डिलिव्हरीवाला तुमच्याकडून मागतो. मेसेज आलेलाच नसेल आणि आईंनी बुकिंगही केलं नसेल तर दारातला माणूस तुमचा सिलिंडर आणणारा नाही, मग त्याच्या खांद्यावर काहीही दिसो. तो कोड किंवा कुठलाही ओटीपी बेलमधून ओरडून सांगायचा नाही, वस्तू हातात आल्यावर द्यायचा.

मीटर बघायला आलोय म्हणणाऱ्यांसाठी एक साधी खूण आहे. सोसायटीत विजेचे मीटर बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत एकत्र असतात. त्यामुळे विजेचं रीडिंग घेणाऱ्याला दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात काही काम नसतं. पाइप गॅसचा मीटर मात्र पुष्कळ घरांत आतच असतो, तो माणूस खरा असू शकतो. त्याला "कुठल्या मीटरसाठी?" एवढंच विचारा, "गॅसच्या मीटरसाठी का?" असं नको. उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

पहिल्या वाक्यात काय नसावं तेही सांगतो. स्वतःचं नाव नको, "साहेब बाहेर गेलेत" नको, "मी एकटीच आहे, जरा वेळ लागेल, गुडघे दुखतात" हे तर नकोच. वयस्कर माणसं हे सगळं शिष्टाचार म्हणून सांगतात, समोरचा ताटकळू नये म्हणून. त्याऐवजी "थांबा हं, बघतोय आम्ही" एवढं पुरतं. "आम्ही" म्हटलं की किती जण ते कळत नाही. काही बायका आत वळून "अहो, जरा बघा हो कोण आहे" अशी हाक मारतात, अहो जागेवर नसले तरी. जुनी युक्ती आहे, माझी आजीही करायची. माझं मत विचाराल तर करू नये, कारण अहोंचं उत्तर आलं नाही की बाहेरच्याला जे कळायला नको तेच कळतं.

आई घाबरून गप्प बसतात, असंही तुम्ही लिहिलंय. गप्प बसल्याने घर रिकामं आहे असा अर्थ निघतो, आणि चोरी करणारा आधी बेल वाजवून तेवढंच तपासत असतो. उलट कॅमेऱ्याच्या बेलवर बोलल्याने तुम्ही घरात आहात हे सिद्ध होत नाही. आवाज बंगळुरूहूनही येऊ शकतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बोलण्यात फायदाच आहे. फक्त बोलून झाल्यावर दार उघडलंच पाहिजे असं नाही, हे आईंना दोनतीनदा सांगा. आपल्या पिढीला दारात आलेल्याला "नाही" म्हणणं जड जातं.

आता प्रकाश. जिन्याला खिडकी किंवा जाळी आहे आणि ती पश्चिमेला आहे, बरोबर? दुपारी चारनंतर पाहुण्याच्या पाठीमागून ऊन येतं. कॅमेरा एकूण चित्राचा उजेड मोजतो, त्यात खिडकी झगझगीत असते, म्हणून तो सगळंच अंधुक करतो आणि माणूस काळा पडतो. यावर बेलच्या सेटिंगमध्ये "WDR" किंवा "HDR" असा पर्याय असेल तर तो चालू करा. थोडा फरक पडेल, पण खिडकीने अर्धी चौकट व्यापली असेल तर तेवढ्याने भागत नाही. खरा इलाज दिव्याचा. दिवा पाहुण्याच्या तोंडावर पडला पाहिजे, म्हणजे तो तुमच्या दाराच्या बाजूला, चौकटीच्या वर हवा. सोसायटीची ट्यूब बहुतेक वेळा जिन्याच्या मध्यावर किंवा समोरच्या भिंतीवर असते, ती पाहुण्याच्या डोक्यामागून उजेड टाकते आणि प्रकार आणखी बिघडवते. दाराच्या वर माणूस आल्यावर आपोआप लागणारा ९ वॅटचा बल्ब लावला की संध्याकाळचे चेहरे दिसायला लागतात. सोसायटीने परवानगी दिली तर खिडकीच्या काचेला दुधी फिल्म लावा. आणि बेलखाली तिरकी पट्टी लावून कॅमेऱ्याचं तोंड खिडकीपासून थोडं वळवता येतं, ती पट्टी पुष्कळ बेलांच्या खोक्यातच मिळते आणि लोक ती फेकून देतात.

रात्रीचा प्रकार वेगळा आहे. अंधार झाला की कॅमेरा न दिसणारा लाल उजेड टाकतो आणि चित्र कृष्णधवल होतं. त्या उजेडात कपड्यांचे रंग खोटे दिसतात. काळ्या सिंथेटिक कपड्याचा शर्ट कधीकधी पांढुरका दिसतो, खाकी आणि निळा यांत फरक उरत नाही. म्हणून रात्री "युनिफॉर्म घातलेला होता" याला काही किंमत देऊ नका. ओळखपत्राचंही तसंच. माणूस भलेपणाने कार्ड कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरतो, प्लॅस्टिकवर उजेड उलटून येतो आणि स्क्रीनवर कोरा पांढरा चौकोन दिसतो. शिवाय या भिंगाला फुटाच्या आतलं नीट दिसत नाही. "कार्ड हातभर लांब धरा, जरा तिरकं" असं सांगावं लागतं. बाहेरचा दिवा लागला की कॅमेरा पुन्हा रंगीत होतो, म्हणून दिव्याचं बटण आतून असेल तर बोलण्याआधी ते दाबायचं.

पण दिवा लावूनही चेहरा दिसेलच असं नाही, कारण माणसं उभीच चुकीची राहतात. बेलमधून आवाज आला की माणूस वाकून कान त्या डबीला लावतो. मग स्क्रीनवर दिसतो फक्त एक कान आणि टक्कल. काही जण बेल दाबून दाराच्या फटीकडे बघत राहतात, त्यांना कॅमेरा कुठे आहे हेच माहीत नसतं. यात कोणाचा कपटीपणा नसतो. तेव्हा तिसरं वाक्य उभं कुठे राहायचं ते सांगणारं हवं. "दोन पावलं मागे या आणि बेलकडे बघून बोला." अगदी असंच. "मला दिसत नाहीये" असं म्हणू नये, दिसत नाही ही माहिती आपल्याजवळच राहू द्यावी. मागे या म्हटलं की साधा माणूस मुकाट्याने मागे येतो, त्याला वाटतं यंत्रालाच तसं लागत असेल. जो बाजूला सरकतो, भिंतीला चिकटून उभा राहतो किंवा कॅमेऱ्यावर बोट ठेवतो, त्याच्यासाठी दार उघडायचं नाही. मात्र नुसतं ऐकलं नाही म्हणून संशय घेऊ नका. दिवसाला शंभर दारं चढणारा पोरगा कानात हेडफोन घालूनही आलेला असतो.

मुलुंडच्या एका घरातली गोष्ट सांगतो, तुमच्या आईंशी मिळतीजुळती आहे. तिथल्या मावशी ६८ वर्षांच्या, एकट्या. एका संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली, स्क्रीनवर नुसती आकृती. मावशींनी विचारलं, "रोहन का रे?" बाहेरून आलं, "हो." मावशींनी दार उघडलं, तर पाण्याच्या फिल्टरचा विक्रेता. तो काही चोर नव्हता, पण पाऊण तास बसला, आणि अकरा हजारांची नोंदणी करून घेऊन गेला. रोहन, म्हणजे त्यांचा भाचा, रविवारी आल्यावर घरात महाभारत झालं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, "कॅमेरा बदला."

कॅमेरा बदलायची गरज नव्हती. दिवा दाराच्या वर घेतला, तिरकी पट्टी लावली. मग स्क्रीनच्या शेजारी एका कार्डावर जाड अक्षरांत तीन ओळी लिहून चिकटवल्या. नमस्कार, हां, बोला, कोणाकडे आलात. कोणाच्या नावावर आहे. दोन पावलं मागे या. शेजारच्या मुलाला सांगून सलग चार संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी बेल वाजवायला लावली, आणि प्रत्येक वेळी त्याने काहीतरी वेगळं सांगायचं. पहिल्या दिवशी मावशी तीनदा "कोण, चिन्मय का?" म्हणाल्या आणि तीनदा हसल्या. सवय अशी जात नाही. चौथ्या दिवशी संवाद असा झाला:

"नमस्कार, हां, बोला, कोणाकडे आलात?"

"मी."

"कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

पोरगा गडबडला. त्याला पाटीवरचं आडनाव पाठ होतं, पण अशा सरळ प्रश्नाला ते पटकन आलं नाही. लक्षात घ्या, मावशींनी आवाज चढवला नव्हता, नवा प्रश्न शोधला नव्हता. तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारला. बोलून कंटाळा येण्याची पाळी बाहेरच्यावर आली पाहिजे.

पुढे दोन महिन्यांनी खरा भाचा आला आणि बेलवर "मीच गं" म्हणाला. मावशींनी त्याला पूर्ण नाव सांगायला लावलं. त्याला राग आला. इथे घरच्यांना माझी विनंती असते, तुम्हालाही आहे: तुम्ही गेलात की बेलवर "मी" म्हणू नका. "मी अमुक, आलेय बंगळुरूहून" असं पूर्ण सांगा, दर वेळी. घरच्यांसाठी अपवाद ठेवला की आईंच्या मनात "मी" हे चालणारं उत्तर राहतं, आणि ते उत्तर कोणीही देऊ शकतं.

बोलण्याच्या सुराबद्दल थोडं. दिसत नसताना "आहात, आलात" हेच वापरावं. समोर कामवाली मावशी असेल, दूधवाला असेल, सोसायटीचे अध्यक्ष असतील. डबीतून अचानक "काय रे, काय पाहिजे?" असं आलं की चांगला माणूसही बिथरतो, आणि बिथरलेला माणूस अर्धवट उत्तरं देतो. "कोण आपण?" हेही टाळा, वाचायला सभ्य असलं तरी त्या स्पीकरमधून ते पुणेरी पाटीसारखं ऐकू येतं. पाच अंक मोजूनही उत्तर नाही आलं तर तेच हिंदीत विचारावं, "बोलिए, किसके यहाँ आए हैं?" डिलिव्हरीवाले पुष्कळदा मराठी न कळणारे असतात आणि गप्प राहतात, त्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ काढला जातो.

आता तुमच्या बंगळुरूच्या बाजूचं. तुमच्या फोनपर्यंत आवाज पोचायला किती वेळ लागतो ते एकदा मोजून ठेवा. आईंना दुसऱ्या फोनवर साध्या कॉलला घ्या, त्यांनी बेलसमोर उभं राहून एक टाळी वाजवायची. साध्या कॉलवर टाळी ऐकू आली की मोजायला लागा, ॲपमध्ये ऐकू येईपर्यंत. दीड सेकंदाच्या आत असेल तर दोघांचं बोलणं जमू शकतं. तीन सेकंद लागत असतील तर संवाद करायचा प्रयत्नच सोडा. एकच पूर्ण वाक्य बोला, "नमस्कार, हां, बोला, कोणाकडे आलात ते नाव सांगा", आणि मग आठपर्यंत मोजा. एवढा उशीर पुष्कळदा दाराजवळच्या वायफायमुळे होतो. राउटर हॉलच्या कोपऱ्यात, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती आणि दाराला लोखंडी जाळी, मग सिग्नल पोचणार कसा? राउटर दाराच्या सरळ रेषेत आणला की बहुतेक वेळा सुधारतं. पुष्कळ बेला फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून राउटरमध्ये तो पट्टा बंद करून ठेवलेला नाही ना ते बघा.

दोघींनी एकदम उत्तर देऊ नका. बऱ्याच ॲपमध्ये एका वेळी एकालाच बोलता येतं, तुम्ही आधी उचललंत तर आईंचं बटण मुकं होतं आणि त्या मात्र दाबत राहतात. आपसात ठरवा: आई घरात असतील तर त्या उचलतील, तुम्ही फक्त बघाल. तिसऱ्या बेलपर्यंत आईंनी उचललं नाही तरच तुम्ही. आणि तुम्ही उचललंत तर "आई आत आहे, येतेच" असं सांगू नका, "घरी कोणी नाही" असंही नको. "पार्सल असेल तर खाली वॉचमनकडे ठेवा" यात दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

नाव पटलं, चेहरा दिसला, तरी आधी आतलं लाकडी दार उघडायचं, बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर कडी लावलेलाच. पार्सल जाळीच्या फटीतून आत येत नसेल तर बाहेर ठेवायला सांगायचं आणि माणूस जिना उतरल्यावर घ्यायचं. डोंबिवलीत वीज गेली की राउटर बंद आणि त्याच्याबरोबर बेलही गेली, हे आईंना आधीच सांगून ठेवा. तेव्हा स्क्रीनपाशी जाऊन बटण दाबत बसायचं नाही. बंद दाराजवळ जाऊन, दारातल्या भिंगाला डोळा लावण्याआधी, तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं. फक्त तेव्हा "नमस्कार"सुद्धा पूर्ण ऐकू जाईल.